फोटोतल्या बागेची रुंदी उणे १५ मीटर आली. ती का टाकायची?

अमळनेरची_आई (शुक्रवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मुलगा दहावीत आहे, मराठी माध्यम. वर्गसमीकरणांचा धडा चालू आहे. तापामुळे आज शाळा बुडाली, म्हणून मित्राने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पान मधोमध दुमडलेलं, त्यावर ट्यूबलाइटची चमक, आणि खालची ओळ मित्राच्या अंगठ्याखाली. वाचता आलं ते असं: "एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीपेक्षा 7 मीटरने जास्त आहे. बागेचे क्षेत्रफळ 120 चौरस मीटर असल्यास..." पुढे अंगठा!

बागेची लांबी-रुंदी काढायची असणार, असं धरून त्याने हे केलं:

```
रुंदी = x, लांबी = x + 7
x(x + 7) = 120
x² + 7x − 120 = 0
x² + 15x − 8x − 120 = 0
(x + 15)(x − 8) = 0
x = −15 किंवा x = 8
```

इथवर मला पटलं. मग त्याने खाली लिहिलं, रुंदी 15 मी, लांबी 22 मी. म्हटलं हे कुठून काढलंस? तर म्हणे, "उणे चिन्ह कुठेतरी चुकून आलं असेल, आणि बाग मोठी असलेली बरी." ताळा करायला लावला. १५ गुणिले २२ म्हणजे ३३०. मग गुपचूप ८ घेतलं, ८ × १५ = १२०, झालं.

पण तिथे त्याने मलाच पकडलं. "आई, सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, तर अर्धं उत्तर चुकीचं कसं?" मी म्हटलं, लांबी-रुंदी कधी ऋण नसते. तर म्हणाला, "हे समीकरणाला कोणी सांगितलं?"

मी बी.कॉम. माझ्याकडे याचं उत्तर नाही. कोणी नीट समजावेल का? फोटो जोडला आहे.

---

केळीवाला (रात्री १०:०५)

ताई, फोटोवरून बागेचं क्षेत्र काढू नका, फसाल. आमच्या शिरपूरकडे एकाने मोबाइलवरच्या नकाशाच्या फोटोवर बोट फिरवून केळीचं क्षेत्र काढलं आणि तेवढी रोपं मागवली. बांध, पाट आणि विहिरीची जागा त्यात धरली गेली. रोपं उरली. टेप लावूनच मोजा. आणि १२० चौरस मीटर म्हणजे सव्वा गुंठासुद्धा नाही. पाच बाय पाच फुटांवर लावली तर पन्नासेक खोडं बसतील. एवढ्यासाठी ठिबक करणार आहात का?

---

धुळेकर (रात्री १०:११)

केळीवाले दादा, धागा तरी वाचा 😄 दहावीचं गणित आहे, फोटो वहीचा आहे.

---

केळीवाला (रात्री १०:१४)

हात्तीच्या. मी 'फोटो', 'बाग' एवढंच वाचलं. आमच्याकडे बाग म्हटली की केळीच.

---

भुसावळ_जंक्शन (रात्री १०:३०)

ताई, यात एवढं अवघड काही नाही. आम्ही डिप्लोमाला असताना एक युक्ती वापरायचो. बागेच्या गणितात दोन मुळं येतात. उणे चिन्ह पुसायचं, लहान आकडा रुंदी आणि मोठा आकडा लांबी. तुमच्याच गणितात बघा: ८ आणि १५. रुंदी ८, लांबी १५. बरोबर आलं ना? म्हणजे समीकरणाने अर्धं उत्तर चुकीचं दिलेलंच नाही, एका फटक्यात दोन्ही बाजू दिल्या. मुलाने १५ ला रुंदी म्हटलं तिथे घोळ झाला. लांबी म्हटलं असतं तर बरोबर होतं.

---

अमळनेरची_आई (रात्री १०:४२)

अरेच्चा, हे खरंच जुळतंय की! पण मग उणे का येतं, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो. त्याला तुमची युक्ती सांगितली, तो खूश. मला मात्र जरा धाकधूक वाटतेय.

---

जुना_फळा (रात्री ११:२०)

तुमची धाकधूक बरोबर आहे. युक्तीकडे नंतर येतो. आधी मुलाचा प्रश्न, कारण तो फार चांगला विचारला आहे. मी तीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, एवढा नेमका विचारणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

"समीकरणाला कोणी सांगितलं?" कोणीच नाही. त्याला बाग माहीत नाही, मीटर माहीत नाही, कुंपण माहीत नाही. बागेचं वाक्य समीकरणात उतरवताना त्याच्यापर्यंत इतकंच पोचलं: अशा दोन संख्या शोध की दुसरी पहिलीपेक्षा ७ ने जास्त असेल आणि दोघींचा गुणाकार १२० होईल. त्याने इमानदारीने शोधल्या.

पहिली जोडी ८ आणि १५. दुसरी जोडी बहुतेक मुलं लिहीतच नाहीत, −१५ पाशीच थांबतात. मुलाला सांगा, x = −15 ठेवून लांबी काढ. −15 + 7 = −8. म्हणजे दुसरी जोडी −१५ आणि −८. आता तपासा. −८ ही −१५ पेक्षा ७ ने जास्त आहे का? आहे. गुणाकार? उणे गुणिले उणे, अधिक १२०. दोन्ही अटी काटेकोर पाळल्या. म्हणून ते उत्तर समीकरणाचं चुकलेलं नाही, उणे चिन्हही कुठून चुकून आलेलं नाही. दोन्ही बाजू ऋण झाल्या की गुणाकारात चिन्ह नाहीसं होतं, आणि क्षेत्रफळ बघून ती बाग ओळखू येत नाही.

बागेच्या वाक्यात आणखी एक अट होती, जी कोणी उच्चारत नाही: रुंदी शून्यापेक्षा मोठी. ती x(x + 7) = 120 मध्ये मावत नाही, शेजारी वेगळी लिहावी लागते, x > 0. मी वर्गात पहिल्याच ओळीला ती लिहायला लावायचो. "रुंदी x मीटर मानू, x > 0." मग शेवटी −१५ टाकताना मुलाला आपण काही लपवतोय असं वाटत नाही. आपणच आधी घातलेली अट ते मूळ पाळत नाही, म्हणून ते जातं.

---

धुळेकर (रात्री ११:४१)

सर, नमस्कार. मी क्लास घेतो, त्यामुळे परीक्षेच्या बाजूने दोन शब्द. मुलं `x = −15 किंवा x = 8` लिहितात आणि थेट "∴ रुंदी 8 मी". मधली ओळ गायब. "परंतु रुंदी ऋण असू शकत नाही, ∴ x = −15 ग्राह्य नाही" ही ओळ नसेल तर मी अर्धा गुण कापतो. पालक भांडायला येतात, उत्तर बरोबर आहे ना म्हणून. उत्तर बरोबर आहे, पण ते कसं निवडलं हे कागदावर दिसत नाही. चिठ्ठी टाकून निवडलं असेल तर?

---

भुसावळ_जंक्शन (रात्री ११:५०)

अर्धा गुण कापणं अतीच आहे हो. १५ वर्षांच्या पोराला रुंदी ऋण नसते हे माहीत आहे हे आपल्यालाही माहीत आहे.

आणि जुना_फळा सर, माझ्या युक्तीत चूक काय ते सांगा. मी एवढी वर्षं वापरली, एकदाही फसली नाही.

---

जुना_फळा (शनिवार, सकाळी ७:१५)

रात्री झोपलो होतो. सांगतो.

या गणितात तुमची युक्ती चालते आणि तो योगायोग नाही. लांबी रुंदीपेक्षा अमुक मीटरने जास्त, अशा वाक्यात दुसरी जोडी ही पहिल्या जोडीचीच उलटी छाया असते, आत्ताच पाहिलं. ८, १५ ची छाया −१५, −८. आपण x म्हणजे रुंदी धरली, म्हणून छायेतली लहान संख्या −१५ हातात आली आणि तिचं चिन्ह पुसलं की लांबी दिसली. अशी गणितं पुस्तकात जास्त, म्हणून तुम्ही फसला नाहीत.

आता वाक्य एवढंच बदला. लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ११९ चौरस मीटर.

```
x(2x + 3) = 119
2x² + 3x − 119 = 0
2x² + 17x − 14x − 119 = 0
(2x + 17)(x − 7) = 0
x = 7 किंवा x = −8.5
```

चिन्ह पुसा. रुंदी ७, लांबी साडेआठ? गुणाकार ५९.५ येतो, हव्या त्याच्या बरोबर निम्मा. खरी लांबी 2 × 7 + 3 = 17. साडेआठ ही लांबीची निम्मी, कारण x² च्या मागे २ आहे.

युक्ती कुठे चालते हे आधीच ओळखता येत असेल, तर युक्तीची गरजच उरत नाही. ८ मिळाले की ७ मिळवा, लांबी समोर. त्यात कितीसा वेळ वाचतो?

---

भुसावळ_जंक्शन (सकाळी ८:०२)

मानलं. साडेआठवाला मी चहाच्या कपाशेजारी कागदावर दोनदा करून पाहिला. पण अर्धा गुण कापण्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

---

केळीवाला (सकाळी ८:३०)

भो, आता धागा नीट वाचला, तर माझंच एक अडलेलं गणित आठवलं. घरामागे ३० बाय २० मीटरचा तुकडा आहे. कडेकडेने आतून चारही बाजूंनी सारख्या रुंदीची पायवाट सोडायची, मधे भाजीपाला. रोपं, पाइप, सगळा हिशेब ४१६ चौरस मीटरचा झाला आहे, तेवढंच मधे राहायला हवं. पायवाट किती रुंद ठेवू? मुनीम म्हणाला ६०० वजा ४१६, १८४ चौरस मीटर वाट, भागिले घेर १००, म्हणजे १.८४ मीटर. टाकू का तशीच?

---

सातपुड्याची_लेक (सकाळी ९:१०)

दादा, टाकू नका. पायवाटेचे चार कोपरे त्या हिशेबात दोनदा मोजले गेले. घेराला रुंदीने गुणलं की प्रत्येक कोपरा उभ्या पट्टीतही येतो आणि आडव्या पट्टीतही. म्हणून तुमच्या मुनिमाची वाट जरा अरुंद निघते. १.८४ ठेवलीत तर मधे ४३० चौरस मीटरच्या जवळपास जागा उरेल.

वाट x मीटर धरा. दोन्ही बाजूंनी x जातं, म्हणून आतली लांबी 30 − 2x, रुंदी 20 − 2x.

```
(30 − 2x)(20 − 2x) = 416
4x² − 100x + 600 = 416
4x² − 100x + 184 = 0
x² − 25x + 46 = 0
(x − 2)(x − 23) = 0
x = 2 किंवा x = 23
```

वाट २ मीटर. आत २६ बाय १६, बरोबर ४१६.

आणि आता ताईंच्या मुलासाठी गंमत. इथे एकही मूळ ऋण नाही! "ऋण उत्तर टाका" एवढंच पाठ केलेला मुलगा इथे अडकेल, नाहीतर २३ मीटरची वाट लिहून मोकळा होईल. वीस मीटर रुंदीच्या तुकड्यात दोन्हीकडून तेवीस तेवीस मीटर. वाट शेजाऱ्याच्या शेतात जाईल.

पण २३ ने समीकरणाला कसं फसवलं ते बघा. 30 − 46 = −16 आणि 20 − 46 = −26. गुणाकार पुन्हा ४१६. तीच जुना_फळा सरांची छाया, फक्त ती x मध्ये दिसत नाही, आतल्या बागेच्या बाजूंमध्ये लपलेली आहे. म्हणून इथे पहिल्या ओळीला नुसतं x > 0 लिहून भागत नाही. 20 − 2x सुद्धा शून्यापेक्षा मोठं हवं, म्हणजे x दहाच्या आत.

(मी शहाद्याची, एम.एस्सी. करतेय. बीजगणितात पायवाटांनी माझे फार गुण खाल्लेत.)

---

केळीवाला (सकाळी ९:२५)

ताई, मनं काम व्हई गयं! दोन मीटर म्हणजे हातगाडीही फिरेल. आज दोरी टाकतो.

---

चाळीसगावचा_पाव्हना (सकाळी ११:००)

हे वाचून राहवलं नाही. आमच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख सापडला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट. म्हणजे खान्देशात बीजगणिताचा क्लास आठशे वर्षांपूर्वी सुरू झाला, धुळेकर सरांचा नंतर.

आणि त्याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात अगदी हाच मुद्दा आहे, माकडांच्या गणितात. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, त्याचा वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसलं. कळप किती?

```
(x/5 − 3)² + 1 = x
x² − 55x + 250 = 0
x = 50 किंवा x = 5
```

५० घ्या. पाचवा भाग १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक एक, ५०. जमलं. आता ५ घ्या. पाचवा भाग १, वजा ३ म्हणजे −२, वर्ग ४, अधिक एक, ५. हेही जमतं! पण आचार्य ५ घेत नाहीत. पाचव्या भागातून तीन जातच नाहीत, आणि मोजायच्या वस्तू ऋण असतात हे लोकांना पटत नाही, असा त्यांचा रोख आहे.

म्हणजे टाकलेलं उत्तर ५, चांगलं धन. सातपुड्याच्या ताईंच्या २३ सारखंच. तिथे दोन ऋणांचा गुणाकार झाला, इथे ऋणाचा वर्ग झाला. दोन्हीकडे चिन्ह पुसलं गेलं.

याच्या अगोदर त्यांचं माकडांचंच आणखी एक गणित आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि १२ माकडं टेकडीवर आहेत. तिथे ४८ आणि १६ येतात, आणि ते दोन्ही उत्तरं ठेवतात. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. कुठेच अडत नाही, मग टाकायचं कशाला?

---

धुळेकर (सकाळी ११:१८)

सुंदर. सोमवारी क्लासमध्ये हेच घेतो. फक्त 'आमच्या पाटणचे भास्कराचार्य' म्हणताना जरा जपून. जन्म शके १०३६, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. गावाचं नाव विज्जडविड, तेही सांगितलं आहे. पण ते विज्जडविड कोणतं यावर वाद आहे. विजापूरवाले आपलं म्हणतात.

---

चाळीसगावचा_पाव्हना (सकाळी ११:२२)

म्हणू देत. मठ तर आमच्याकडे आहे ना! सह्याद्रीच्या आश्रयाचं गाव असंही त्यांनी लिहिलंय. विजापूरला सह्याद्री दाखवा.

---

जुना_फळा (दुपारी १२:४०)

वाद तुमचा चालू द्या. मी एवढ्यात ताईंनी टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. मला शंका आहे. पानाची घडी नेमकी क्षेत्रफळाच्या मधल्या अंकावरून गेली आहे. 1 दिसतो, शेवटचा 0 दिसतो. मधला 2 कशावरून? मला तो 7 सुद्धा वाटतो. वरची आडवी रेघ स्पष्ट आहे, खालचा पाय घडीत गेला आहे.

मुलगा म्हणेल, 120 घेतल्यावर अवयव छान पडले, म्हणजे 120 च असणार. मुलं आणि शिक्षकही असाच अंदाज करतात. म्हणून मी मधल्या जागी 0 ते 9 सगळे अंक ठेवून पाहिले. विवेचक 49 + 4 × क्षेत्रफळ. 100 ला तो 449 येतो, 190 ला 809, आणि मधले सगळे 9 नेच संपतात. 9 ने संपणारे पूर्ण वर्ग या टप्प्यात दोनच, २३ चा ५२९ आणि २७ चा ७२९. म्हणजे दहापैकी दोनच अंक नीट बसतात, 2 आणि 7! नेमके तेच दोन, ज्यांच्यात मला शंका आहे. १७० घेतलं तर रुंदी १०, लांबी १७, आणि टाकायचं मूळ −१७.

तेव्हा अवयव सुटले म्हणून फोटो बरोबर वाचला, असं म्हणता येत नाही. ताळ्यानेही हे कळणार नाही, कारण ताळा आपण वाचलेल्या आकड्याशीच होतो. मित्राला विचारा.

---

अमळनेरची_आई (दुपारी १:५५)

सर, तुम्ही म्हणता तेच निघालं! मित्राला फोन केला. १७० आहे. तो म्हणाला, "काकू, सातच आहे, माझा सात तसाच येतो." अंगठ्याखालची ओळही विचारली: "...बागेची लांबी व रुंदी काढा आणि बागेला एक फेरा कुंपण घालण्यास किती मीटर तार लागेल ते सांगा." म्हणजे अर्धा प्रश्न आम्ही सोडवलाच नव्हता.

मुलाने पुन्हा केलं. पहिल्या ओळीला "रुंदी = x मी, x > 0" लिहिलं, सरांनी सांगितलं तसं. (x + 17)(x − 10) = 0. खाली लिहिलं, "x = −17 घेतल्यास रुंदी −17 व लांबी −10 येते. गुणाकार 170 येतो पण x > 0 ही अट पाळली जात नाही, म्हणून ग्राह्य नाही." मग रुंदी १०, लांबी १७, तार ५४ मीटर. धुळेकर सरांचा अर्धा गुण वाचला.

मी म्हटलं, ऋण मूळ नेहमी जातं हे आता कळलं ना? तर म्हणे, "नेहमी जातं असं कोणी म्हटलंय? २३ पण गेला ना." आता मीच मागे पडलेय.

---

भुसावळ_जंक्शन (दुपारी २:१०)

पण बागेच्या गणितात ऋण मूळ ठेवलंय असं मी तरी कधी पाहिलं नाही. २३ गेला हे ठीक, पण ऋण असेल तर ते जाणारच की.

---

जुना_फळा (दुपारी २:४५)

जाणारच असं नाही. हीच बाग घ्या, १० बाय १७. रस्ता रुंद होणार म्हणून दोन्ही बाजूंमध्ये सारखाच बदल करायचा आहे आणि नंतर बाग १२० चौरस मीटरची राहिली पाहिजे. (ताईंचा चुकीचा वाचलेला आकडा असा कामी आला.) बदल x धरा. वाढ असेल तर धन, घट असेल तर ऋण.

```
(10 + x)(17 + x) = 120
x² + 27x + 50 = 0
(x + 2)(x + 25) = 0
x = −2 किंवा x = −25
```

दोन्ही मुळं ऋण. दोन्ही टाकलीत तर बागच गेली. −२ ठेवायचं, कारण त्याचा अर्थ बाजू २ मीटरने कमी झाली, उरली ८ बाय १५. −२५ टाकायचं, कारण दहा मीटरमधून पंचवीस काढता येत नाहीत. इथे x ही बाजू नाही, बदल आहे, आणि बदल ऋण असू शकतो. म्हणून मूळ हातात आलं की ते बागेच्या दोन्ही बाजूंमध्ये घालून बघायचं. x च्या चिन्हाकडे पाहून निकाल देऊ नये.

---

भुसावळ_जंक्शन (दुपारी ३:००)

x म्हणजे घट असं आधीच धरलं असतं तर २ आणि २५ आले असते की. उगाच ऋण कशाला?

---

सातपुड्याची_लेक (दुपारी ३:०८)

आले असते. पण मग २५ टाकायला तुम्हाला दुसरं कारण शोधावं लागलं असतं 🙂

---

केळीवाला (संध्याकाळी ६:२०)

दोरी टाकून आलो. चारही बाजूंनी दोन दोन मीटर सोडले, आत २६ बाय १६ भरली, टेप लावून. फोटोवरून नाही! फक्त आग्नेयेच्या कोपऱ्यात बोअरचा केसिंग पाइप वाटेच्या बरोबर मधे येतो. तेवढ्या बाजूला वाट दीड मीटरच ठेवली तर चालेल का?

---

सातपुड्याची_लेक (संध्याकाळी ६:३१)

कोणत्या बाजूला, तीस मीटरच्या की वीसच्या? एका बाजूला अर्धा मीटर कमी केलात की मधे जास्तीची जागा येणार, आणि ती दोन्हीकडे सारखी नसेल.

---

केळीवाला (संध्याकाळी ६:३३)

तीसच्या.

---

सातपुड्याची_लेक (संध्याकाळी ६:३७)

मग आत २६ बाय साडेसोळा. ४२९ चौरस मीटर. १३ चौरस मीटरची रोपं अजून लागतील, नाहीतर पाइपभोवती वाट थोडी वळवा.